लोणच्याचा भाव ग्रुपवरच लिहा

ग्रुपवर लोणच्याचा फोटो टाकायचा आणि खाली "भाव पर्सनलवर विचारा" लिहायचं, इथेच गडबड होते. खालाला १२० सांगितले, शेजारच्या भाभींना १४०. दोघी भेटल्या की मन खट्टू होतं. म्हणून भाव एकच, आणि सर्वांसमोर.

आधी हिशेब करा. समजा कैरी, तेल, मसाला, गॅस आणि रिकाम्या बरण्या मिळून ७६० रुपये लागले आणि अर्ध्या किलोच्या ८ बरण्या भरल्या. एक बरणी ९५ ला पडली. मेहनतीचे ४५ धरले की भाव १४०. "घरचेच आहोत, कमी करा" म्हणणाऱ्यांना सूट दिली, तर ती या ४५ मधूनच जाते.

वजन लोणच्याचं लिहा, बरणीसकट नाही. रिकामी बरणी आधी तोलून ते वजन वजा करा.

मेसेज असा:

"घरचं कैरीचं लोणचं. शेंगदाणा तेल, मोहरी, मेथी, मिरची, हळद, हिंग, मीठ. ५०० ग्रॅम, १४० रुपये. १० मे रोजी केलं. तिखट आहे. कोरडा चमचा वापरा. ऑर्डर शुक्रवारपर्यंत. बरणी घरून न्यावी, पैसे तेव्हाच."

मोहरी, शेंगदाणा काहींना सोसत नाही, म्हणून जिन्नस गाळू नका. शेवटची ओळ उधारी टाळते. घरून विकतानाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तो नंबर मेसेजमध्ये आणि बरणीवर लिहा.