तेरा कुठे गेला?

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अभियांत्रिकीच्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफचा पाऊस पडतो. त्या पावसात कॉम्प्युटर शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका वर्गप्रतिनिधीने, म्हणजे पोरांच्या भाषेत सीआरने, पाठवलेला हा निरोप वाचण्यात आला:

"डीएसची एंड-सेम पुढच्या गुरुवारी आहे. शनिवार-रविवार आपल्याच वर्गात बसू या, चावी शिपाईकाकांकडून मी घेतो. शनिवारी १० ते १ हॅशिंग, २ ते ५ बीएसटी, त्यातही डिलिशन. रविवारी सकाळी ग्राफ, शेवटचा अर्धा तास एव्हीएल. दुपारी जुने पेपर, घड्याळ लावून. थिअरी घरून वाचून या, इथे कोणी शिकवणार नाही. कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणा. लॅपटॉप बॅगेतच राहील. प्रत्येकाने स्वतःला न सुटलेला एक प्रश्न आणायचा, सुटलेला नको. मेसचा डबा हवा त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा."

डीएस म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स. संगणकात माहिती कशी रचून ठेवली की हवी तेव्हा पटकन सापडेल, याचा हा विषय. यातली गंमत अशी की वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. चुका दिसतात त्या हातात पेन्सिल धरून, एकेक आकडा त्याच्या जागी बसवताना. तसं केलं तरच कळेल अशी ठिकाणं निवडून हा निरोप लिहिला आहे, म्हणून तो नीट वाचण्यासारखा. लॅपटॉप बॅगेत का, तर प्रोग्राम चालवला की उत्तर पडद्यावर येतं आणि मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत. पेपरात नेमक्या त्याच पायऱ्यांना गुण असतात.

शनिवारची सकाळ अख्खी हॅशिंगला दिली आहे. तिथे काय होतं ते एका उदाहरणावर पाहू.

शून्य ते नऊ असे दहा कप्पे आहेत. नियम असा की आकड्याला दहाने भागायचं आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या कप्प्यात तो ठेवायचा. २३ आला, बाकी ३, गेला तिसऱ्या कप्प्यात. मग ४३ आला. त्याचीही बाकी ३, पण तो कप्पा भरलेला, म्हणून पुढे सरकून चौथ्यात. १३ आला, तिसरा भरलेला, चौथा भरलेला, म्हणून पाचव्यात. अशी पुढची मोकळी जागा धुंडाळण्याला लिनियर प्रोबिंग म्हणतात. शोधतानाही हीच वाट धरायची: तिसऱ्यापासून सुरुवात, आकडा सापडेपर्यंत पुढे, आणि रिकामा कप्पा लागला की 'इथे नाही' म्हणून थांबायचं. तो आकडा असता तर याच रिकाम्या जागी बसला नसता का?

इथवर वर्गातले सगळे खुशीत मान डोलावतात. आता ४३ काढून टाकायला सांगा. चौथा कप्पा पुसला, झालं. मग १३ शोधायला सांगा. तिसऱ्यात २३ आहे, चौथा रिकामा, म्हणजे १३ नाही! आणि १३ तर शेजारच्या पाचव्या कप्प्यात आरामात बसलेला आहे. पुसणाऱ्याने काढला ४३ आणि हरवला १३. त्यावर कोणी १३ पुन्हा घालायला गेलं, तर तो चौथ्यात बसतो आणि एकाच तक्त्यात दोन १३ होतात.

उपाय सोपा आहे. कप्पा रिकामा करायचा नाही, 'काढलेला' अशी खूण ठेवायची. शोधणारा ती खूण ओलांडून पुढे जातो, थांबत नाही. नवा आकडा घालणारा ती जागा वापरू शकतो, पण आधी पुढे रिकामा कप्पा लागेपर्यंत जाऊन तोच आकडा तिथे नाही ना, याची खात्री करून. हे शेवटचं कलम निम्म्या उत्तरपत्रिकांत सापडणार नाही, असं मी पैजेवर सांगेन.

खुणांनाही मर्यादा आहे. त्या साचत गेल्या की शोध लांबतो आणि सगळा तक्ता नव्याने मांडावा लागतो. तक्ता किती भरू द्यावा, याचं गणित डोनाल्ड क्नूथ यांनी १९६३ साली मांडलं. त्यांच्या सूत्रानुसार तक्ता निम्मा भरलेला असेल, तर नसलेला आकडा शोधायला सरासरी अडीच कप्पे पाहावे लागतात. नव्वद टक्के भरला की तीच सरासरी पन्नासावर जाते. कारण भरलेले कप्पे गाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडले जातात, आणि त्यांच्यात कुठेही शिरलेल्याला शेवटच्या डब्यापर्यंत चालावं लागतं.

दुपारच्या बीएसटीतही बोट डिलिशनवरच आहे. बीएसटी म्हणजे असं झाड, की कुठल्याही गाठीच्या डाव्या बाजूला तिच्याहून लहान आकडे आणि उजव्या बाजूला मोठे. ५०, ३०, ७०, ६०, ८०, ६५ या क्रमाने आकडे घाला. माथ्यावर ५०, डावीकडे ३०, उजवीकडे ७०. ७०च्या डावीकडे ६०, उजवीकडे ८०. ६५ हा ६०च्या उजवीकडे. आता ५० काढा. त्याच्या जागी त्याच्याहून मोठ्यांतला सर्वांत लहान, म्हणजे ६०, माथ्यावर येतो. पोरं इथे थांबतात, आणि ६५ अधांतरी राहतो. त्याला ७०च्या डाव्या हाताला जोडायचं असतं. जोडला की नाही हे तपासायला डावीकडून उजवीकडे झाड वाचायचं: ३०, ६०, ६५, ७०, ८०. आकडे चढत्या क्रमाने आले आणि मोजून पाच भरले, तर झाड शाबूत. नुसता क्रम पाहून भागत नाही, कारण ६५ गळला तरी उरलेले चार चढत्या क्रमातच दिसतात.

अशा वेळी चौघांनी एकत्र बसण्याचा उपयोग होतो. एकाने फळ्यावर पुढची पायरी काढायची, बाकीच्यांनी ती आधी आपापल्या कागदावर. चार कागदांवर दोन वेगळी झाडं निघाली की भांडण सुरू, आणि ते भांडण नेमकं चुकीच्या जागेवरच होतं. 'सुटलेला प्रश्न नको' ही अट त्यासाठीच असावी. येणारं उत्तर दुसऱ्याला दाखवण्यात मौज असते, त्यात वेळ मात्र जातो.

ग्राफमध्ये फार अडत नाही. बीएफएसमध्ये एखादं शिखर रांगेत घालतानाच त्यावर खूण करायची, रांगेतून बाहेर काढताना नव्हे; नाहीतर तेच शिखर रांगेत दोनदा येतं. एवढं ध्यानात राहिलं की बाकीचं सरावाने जमतं.

या आराखड्यात माझी एकच कुरबुर आहे, एव्हीएलला दिलेल्या अर्ध्या तासाबद्दल. बीएसटी एका अंगाला वाढून लांबट होऊ नये, म्हणून सोव्हिएत संघातले अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली तोल सांभाळणारं हे झाड काढलं. ३०, १०, २० असे तीनच आकडे घालून पाहा. ३०च्या डावीकडे १० आणि १०च्या उजवीकडे २०, असा वाकडा आकार होतो. घाईत एकच रोटेशन केलं, तर १० माथ्यावर येतो, ३० त्याच्या उजवीकडे आणि २० त्या ३०च्या डावीकडे. डावीकडे कललेलं झाड उजवीकडे कललं, एवढाच फरक. आधी १० आणि २० यांना फिरवायचं, मग २० आणि ३० यांना, तेव्हा कुठे २० मधोमध येतो. हे हाताला बसायला तास-दीड तास लागतो. तो मी ग्राफच्या सकाळीतून काढला असता.