हात मिटले की गिरकी का वाढते?

2015 मध्ये पोलंडमधल्या वॉर्सा शहरात ओलिव्हिया रिबिका-ऑलिव्हर या कॅनडाच्या स्केटरने बर्फावर मिनिटाला 342 या वेगाने गिरकी घेतली आणि गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा फेरे. फिगर स्केटिंगमधल्या अशा वेगवान गिरकीला स्क्रॅच स्पिन म्हणतात. ती सुरू होताना स्केटरचे हात पसरलेले असतात, एक पाय लांब ताणलेला असतो आणि वेगही बेताचाच असतो. मग पाय आत येतो, हात छातीशी मिटतात आणि चेहरा ओळखू येईनासा होतो. गंमत अशी की या वेळात तिने बर्फाला पुन्हा ढकललेले नसते. मग हा वेग येतो कुठून?

आधी एक साधी गोष्ट पाहू. फिरणाऱ्या वस्तूचे वजन किती, एवढ्यावर तिला फिरवणे किती जड हे ठरत नाही. ते वजन आसापासून किती लांब आहे, हेही पाहावे लागते आणि इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. आसापासून 80 सेंटिमीटरवरचा एक किलो 20 सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चौपट कमी होते, पण फिरवण्यातला जडपणा सोळापट कमी होतो. या जडपणाला भौतिकशास्त्रात जडत्व आघूर्ण म्हणतात. त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की मिळतो कोनीय संवेग. बाहेरून कोणी पीळ दिला नाही, तर हा गुणाकार बदलत नाही. एक संख्या घटली की दुसरीला वाढावेच लागते.

बर्फावर बाहेरचा पीळ अगदी थोडा असतो. घर्षण कमी असते आणि ब्लेड बर्फाला टेकते ती जागा आसाच्या अगदी जवळ असते, त्यामुळे त्या घर्षणाला गिरकी रोखायला पुरेशी तरफ मिळत नाही.

आता अंदाजाने आकडे घालू. हात-पाय पसरलेले असताना स्केटरचे जडत्व आघूर्ण 3 एकक आहे आणि ती सेकंदाला दीड फेरा घेते आहे. अंग आवळल्यावर ते 1 एकक उरले. मग वेग तिप्पट, म्हणजे सेकंदाला साडेचार फेरे. कोनीय संवेग होता तेवढाच राहिला.

पण हिशेब इथे संपत नाही. फिरण्याची ऊर्जा काढली तर ती सुरुवातीला सुमारे 133 ज्यूल होती आणि शेवटी 400 भरते. संवेग तोच, ऊर्जा मात्र तिप्पट! ही जादा ऊर्जा स्केटरच्या स्नायूंनी पुरवलेली असते. फिरताना हात बाहेर फेकले जात आहेत असे तिला जाणवते आणि ती ओढ मोडून ते आत आणावे लागतात. तीन किलोच्या एका हाताला गिरकीच्या सुरुवातीला साधारण 12 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. हात आत येतो तसा वेग इतका वाढतो, की शेवटी हाच जोर 36 किलोंच्या घरात जातो. वाढलेले 267 ज्यूल म्हणजे 27 किलोचे पोते मीटरभर उचलण्याइतके काम. गिरकी वाढते ती या कामातून.

तरी हात तर सरळ आत ओढला, मग शरीर गोल का फिरले? कारण आत येणारा हात सरळ रेषेत येत नाही, फिरत फिरत नागमोडी नव्हे तर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने येतो. त्या वाटेवर आतली ओढ थोडी पुढच्या दिशेलाही लागते आणि हाताची गती वाढते. शिवाय लांबचा हात मुळातच धडापेक्षा जोरात पळत असतो. जवळ आल्यावर ही जादा गती तो खांद्यातून धडाला देतो.

हेच गणित उडीतही चालते, पण तिथे सवलत नाही. पाय बर्फावरून सुटल्यावर कोनीय संवेग वाढवायला टेकूच उरत नाही. जेवढा उडताना घेतला, तेवढाच. इलिया मालिनिनने 2022 मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा मारलेल्या क्वाड अ‍ॅक्सेलमध्ये हवेत साडेचार फेरे घ्यायचे असतात आणि हवेतला वेळ सेकंदापेक्षा कमी. हात आवळायला क्षणभर उशीर झाला, तर फेरा अपुरा राहतो आणि ब्लेड वळत्या अंगाने बर्फावर येते.

गिरकीतली चूक मात्र बर्फावरच वाचता येते. हात-पाय एका रेषेत आत आले नाहीत, तर आस कलंडतो आणि स्केटर जागेवरून सरकत जाते. मागे वर्तुळांची साखळी उमटते. उत्तम गिरकीनंतर ती वर्तुळे एकमेकांवर बसलेली दिसतात.

शेवटी स्केटर हात उघडते. वजन पुन्हा लांब जाते, वेग उतरतो आणि ती एका पायावर सावकाश बाहेर घसरते. ब्रेक तिने कुठेच लावलेला नसतो, फक्त हात पसरलेले असतात.