दूध घालण्याआधी एक वाटी बाजूला

सातारा-कोल्हापूरकडचं एक घर डोळ्यांसमोर आणू. रोज सकाळी दोन लिटर म्हशीचं दूध येतं. आजींच्या हातचं विरजण कधी फसत नाही, जेवणात ताक हवंच, रविवारी बासुंदी किंवा खीर असते, आणि साजूक तुपाशिवाय वरणभात पानात पडत नाही. या घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला वर्षभर पोटफुगी, गुरगुर आणि अधूनमधून जुलाबाचा त्रास होतोय. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की तिला दुधातली साखर पचत नाही.

अशा वेळी घरात बहुधा दोनच टोकं निघतात. एक तर मुलीचं दूध, दही, तूप, लोणी सगळंच बंद होतं आणि तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू होतो. नाहीतर आजी म्हणतात, "थोडं थोडं पी गं, सवयीने पचेल," आणि त्रास तसाच राहतो. दोन्हींची गरज नाही. दूध कुठल्या रूपात पानात येतं आणि स्वयंपाकाच्या कोणत्या पायरीला पातेल्यात पडतं, एवढं नीट पाहिलं तर एकाच ओट्यावर सगळ्यांचं जेवण होतं.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, पुढे पुष्कळ माणसांमध्ये कमी होत जातं. मोठेपणीही ते टिकवून ठेवणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे अधिक आढळतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. म्हणजे या मुलीचं शरीर बिघडलेलं नाही, जगातल्या बहुसंख्य प्रौढांसारखंच आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो आणि पाणी ओढलं जातं. हा त्रास साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतो. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. तिचा संबंध दुधातल्या प्रथिनांशी असतो, ती धोकादायक ठरू शकते आणि तिथे थोडंसं दूधही चालत नाही. पुढचं काहीही ॲलर्जीच्या माणसाला लागू नाही.

खरा दिलासा इथे आहे, की विकर कमी असलं तरी सहसा शून्य नसतं. 2010 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने उपलब्ध अभ्यास पाहून असा निष्कर्ष काढला, की अशी बहुतेक प्रौढ माणसं एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज फारसा त्रास न होता पचवू शकतात. 12 ग्रॅम म्हणजे साधारण पेलाभर दूध. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं, कारण अन्नाबरोबर ते आतड्यात सावकाश उतरतं. मात्र ही मर्यादा माणसागणिक वेगळी असते. या मुलीला सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर दूध प्यायलं की हमखास त्रास व्हायचा, जेवणातल्या ताकाने मात्र नाही.

आता घरातले पदार्थ या नजरेने पाहू. गाईचं असो वा म्हशीचं, 100 मिली दुधात पाचेक ग्रॅम लॅक्टोज असतं. ए-टू म्हणून विकलं जाणारं दूधही याला अपवाद नाही, आणि शेळीच्या दुधात ते किंचितच कमी असतं. उकळल्याने ही साखर जात नाही. उलट पाणी उडतं आणि ती दाट होते. निम्मं आटवलेल्या बासुंदीच्या छोट्या वाटीत नऊ-दहा ग्रॅम भरतं. चार-साडेचार लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, म्हणून 100 ग्रॅम खव्यात ते 20 ग्रॅमच्या आसपास जातं. दुसऱ्या टोकाला साजूक तूप आहे. ते जवळपास निव्वळ स्निग्धांश असल्याने त्यात लॅक्टोज नसल्यातच जमा. लोण्यातही अगदी थोडं. म्हणजे वरणभातावरचं तूप, तुपातली फोडणी आणि पोळीला लावलेलं तूप हे सगळं मुलीच्या पानात तसंच राहतं. घरात सगळ्यात आधी तूप बंद होतं, आणि नेमकं तेच बंद करायची गरज नसते.

श्रीखंडाचा हिशेब तर मांडून पाहण्यासारखा आहे. किलोभर दह्यात चाळीसेक ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि ते पाण्यात विरघळलेलं असतं. दही रात्रभर फडक्यात टांगलं की पाण्याबरोबर त्याचा मोठा भाग भांड्यात उतरतो. खाली राहणाऱ्या 400 ग्रॅम चक्क्यात तेरा-चौदा ग्रॅम उरतं. तेवढीच साखर घालून फेटलं तर 800 ग्रॅम श्रीखंड होतं, आणि 100 ग्रॅमच्या वाटीत लॅक्टोज दोन ग्रॅमच्या आतच. म्हणून पाडव्याला या मुलीने श्रीखंड खायला हरकत नाही. बासुंदी आणि श्रीखंड ही दोन्ही दुधाचीच पक्वान्नं, पण या हिशेबात पाचपट अंतरावर उभी आहेत.

गफलत होते ती चक्क्याच्या किंवा पनीरच्या पाण्यात. ते फेकवत नाही, म्हणून काटकसरी गृहिणी त्यात कणीक भिजवते. दुधातली साखर नेमकी त्यातच आलेली असते. पनीर चाललं आणि पोळीने त्रास झाला, असं कोडं पडलं तर आधी हे तपासावं. ते पाणी घरातल्या बाकीच्यांच्या थालीपिठांना खुशाल वापरता येतं. बिस्किटं, तयार मिश्रणं आणि मसालेदार चिप्सच्या पाकिटावर दूध पावडर किंवा दुधाचे घन पदार्थ लिहिलेले असतात, तेही वाचून घ्यावं. दूध पावडरीत तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लॅक्टोज असतं.

दह्याची गोष्ट आणखी वेगळी. विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच खातात. शिवाय जिवंत राहिले तर पोटात गेल्यावरही ती फोडायला हातभार लावतात. म्हणून तेवढंच लॅक्टोज दुधातून घेतल्यापेक्षा दह्यातून सोसतं. पण जिवाणू गरम भातात मरतात. दहीभात करायचा असेल तर भात कोमट झाल्यावर दही कालवावं. डब्याचा दहीभात दुपारपर्यंत आंबट होऊ नये म्हणून त्यात दूध घालायची आपल्याकडे पद्धत आहे. मुलीच्या डब्यात तेवढं टाळून पाणी घालावं. कढी उकळते, तेव्हा तिच्यातल्या जिवाणूंची मदत संपते. तरी एक भाग दह्यात तीन भाग पाणी घातलेल्या ताकाची कढी असेल, तर वाटीभरात लॅक्टोज दीड-दोन ग्रॅमच भरतं.

यावरून आठवड्याची आखणी करायची, तर आधी मुलीची मर्यादा कळायला हवी. दोन आठवडे दूध, खवा आणि दही बाजूला ठेवून तूप चालू ठेवायचं. त्रास थांबला तर जेवणाबरोबर पाव पेला दूध द्यायचं, दोन-तीन दिवस तेवढंच ठेवायचं, मग अर्धा पेला, मग पाऊण. कुठल्या मापाला पोट बोलतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दोन आठवड्यांनंतरही त्रास जसाच्या तसा राहिला, तर कारण दुसरं असू शकतं. दुधाची जागा भरायला घरात छोले, राजमा, चवळी वाढते आणि त्यांनीही वायू होतोच. मग दोष पुन्हा दुधावर येतो. वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, रात्री त्रासाने जाग येणं यांतलं काही असेल, तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

समजा, या मुलीची मर्यादा जेवणाबरोबर अर्धा पेला दूध, म्हणजे सहा ग्रॅम निघाली. मग दिवस असा बसतो. सकाळी पोह्यांबरोबर एक कप चहा, त्यात दोनेक ग्रॅम. निव्वळ दुधाचा चहा मात्र नाही. दुपारी डब्यात भाजी-पोळी आणि कोशिंबीर. रात्री वरणभात, तूप आणि वाटीभर ताक. एकाही वेळेला सहा ग्रॅमची रेघ ओलांडली जात नाही. अडचण येते ती बेरजेने. चहा, लगेच मिल्कशेक आणि वर आइस्क्रीम अशी संध्याकाळ झाली की एकही पदार्थ एकटा दोषी नसतो, आणि घरचे शेवटच्या पदार्थाला नावं ठेवतात.

ओट्यावरचा नियम सोपा आहे. दूध किंवा दही शेवटी घालायचं आणि त्याआधी एक वाटी बाजूला काढायची. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट आणि मीठ घालून तयार करायची. मुलीच्या वाटीत लिंबू पिळायचं आणि उरलेल्या कोशिंबिरीत दही घालायचं. शिरा पाण्यात शिजवून वर तूप सोडायचं. खपली गव्हाची खीर गूळ आणि खोबरं घालून शिजवतात आणि दूध पानात वाढताना वरून घालतात. पुरणपोळीवरही कोणी दूध घेतो, कोणी तूप. या जुन्या रीतीत प्रत्येकाची निवड आपोआप सांभाळली जाते, म्हणून त्या मोडू नयेत.

कोकण आणि गोव्याच्या स्वयंपाकात तर ताकाची जागा सोलकढीने, दुधाची जागा नारळाच्या रसाने कधीच घेतलेली आहे. शिरवळ्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. घाटावरच्या घराने आठवड्यातून दोनदा हा मार्ग घ्यायला हरकत नाही. तांदळाची खीर नारळाच्या दुधात करायची, तर तांदूळ आधी पातळ रसात शिजवावेत. दाट रस गॅस मंद करून शेवटी घालावा आणि उकळी येऊ देऊ नये, नाहीतर तो फुटतो. उपासाच्या दिवशीची दाण्याची आमटी तर मुळातच दुधाविना असते.

एक गोष्ट मात्र नारळ देत नाही, ती म्हणजे कॅल्शियम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम लागतं. पेलाभर दूध बंद झालं की त्यातला मोठा वाटा जातो. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास मिळतं. चमचाभर तिळाच्या चटणीने आणखी थोडं. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून केवळ नाचणीवर भिस्त ठेवू नये. पचतं तेवढं ताक, दही आणि पनीर पानात ठेवावं, आणि तरीही कमी पडत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

राहिली कोजागिरी. आटवलेलं मसाला दूध, तेही रात्री जेवण उरकल्यावर, हा या मुलीसाठी सगळ्यात अवघड प्रसंग. बाजारात लॅक्टोजविरहित दूध मिळतं. ते दूधच असतं, फक्त त्यात विकर घालून साखर आधीच फोडलेली असते. फुटलेली साखर जिभेला जास्त गोड लागते, म्हणून त्या पातेल्यात साखर नेहमीपेक्षा कमी घालायची, आणि आटवताना ते लवकर तांबूस होतं म्हणून आच मंद ठेवायची. केशर, वेलची आणि चारोळी मात्र दोन्ही पातेल्यांत सारखीच.