दोन परिच्छेदांच्या मध्ये

कोकमावरचा एक लेख आपल्यासमोर आहे असे धरू. उदाहरणासाठी मीच तो बेतला आहे, पण संपादकाच्या टेबलावर असे लेख रोज येतात. परिच्छेद पाच. पहिल्यात कोकमाचे झाड कुठे होते ते आहे: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा, खाली कारवारपर्यंत. शेवटी, फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. दुसरा परिच्छेद सांगतो की कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. तिसऱ्यात आमसूल कसे करतात ते, चौथ्यात बियांपासून निघणारे तेल, आणि पाचव्यात पावसाने होणारे नुकसान. एकही वाक्य चुकीचे नाही. तरी वाचक तिसऱ्या परिच्छेदाला पोचेपर्यंत दोनदा थबकतो, कारण प्रत्येक वेळी ‘हे आता मधेच का?’ असे त्याला वाटून जाते.

लेखकाला हे सांगितले की तो बहुधा एकच गोष्ट करतो. दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी ‘तसेच’ घालतो, चौथ्याच्या तोंडाशी ‘शिवाय’, आणि पाचव्याला ‘दरम्यान’. (हे ‘दरम्यान’ वर्तमानपत्री बातमीतून आलेले आहे. तिथे ते निदान ‘त्याच वेळी दुसरीकडे’ एवढे तरी सांगते. लेखात ते बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.) लेख पुन्हा वाचून पाहावा. झाडाच्या नर-मादीवरून आमसुलावर मारलेली उडी जशीच्या तशी आहे. ‘शिवाय’ हा शब्द दोन गोष्टींत नाते असेल तर ते दाखवतो, नसलेले नाते निर्माण करू शकत नाही.

म्हणून दुरुस्ती शब्दांपासून नाही, क्रमापासून सुरू करावी. कागदाच्या समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक प्रश्न लिहायचा: हा परिच्छेद कशाचे उत्तर देतो? आपल्या लेखात असे प्रश्न निघतात. कोकम कुठे होते आणि कधी पिकते? लावलेल्या झाडाला फळ धरेल की नाही? आमसूल कसे होते? बियांचे काय करतात? पाऊस आला तर काय? आता हे प्रश्नच एकाखाली एक वाचायचे. आधीच्या उत्तरातून पुढचा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उठतो का, एवढेच बघायचे. ‘एप्रिल-मेमध्ये पिकते’ हे वाचल्यावर ‘मग नर झाड कसे ओळखायचे?’ असे कोणी विचारणार नाही. ‘मग त्या फळांचे करतात काय?’ असे विचारील. आमसुलाला सलग ऊन लागते हे कळल्यावर ‘आणि पाऊस आला तर?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

असे प्रश्न जुळवत गेले की पाचव्याची जागा तिसरी होते आणि दुसरा चौथ्यावर जातो. नवा क्रम असा: पिकणे, आमसूल, पाऊस, कलमे, बिया. या क्रमातून लेखाला आधी नसलेला कणाही मिळतो, तो म्हणजे कोकमाचा बराचसा व्यवहार पावसाआधीच्या उन्हाशी बांधलेला असणे. सुटी माहिती होती तोवर हा कणा लेखकालाही दिसला नसावा. माझ्या अनुभवात उड्यांची बहुतेक तक्रार इथेच मिटते. पुढचे काम त्या मानाने लहान असते, पण हाताला त्याची सवय लागावी लागते.

आता सांधे बघू. पहिला परिच्छेद ‘फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात’ असा संपतो आणि आमसुलाचा परिच्छेद ‘आमसूल करण्यासाठी फळे धुऊन घेतात’ असा सुरू होतो. क्रम बरोबर आहे, तरी मधे एक पायरी गाळल्यासारखे वाटते. ती पायरी लेखकाच्या डोक्यात होती, कागदावर आली नाही. पहिल्याचा शेवट असा करून पाहा: ‘एप्रिलपासून फळे पिकू लागतात आणि पिकलेले फळ फार दिवस टिकत नाही.’ आणि दुसऱ्याची सुरुवात: ‘ते टिकवण्याचा कोकणातला जुना उपाय म्हणजे आमसूल.’ आमसुलाची कृती तीच राहिली. फळ फोडायचे, बिया-गर बाजूला काढायचा, साले उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची, आणि साल काळसर होईपर्यंत हे करत राहायचे. फक्त ही कृती वाचक आता कारण कळून वाचतो.

पुढचा सांधा पावसाचा. आमसुलाचा परिच्छेद ‘...यासाठी सलग काही दिवस कडक ऊन मिळावे लागते’ असा संपतो असे समजा. पुढचा परिच्छेद दोन प्रकारे सुरू करता येतो. ‘जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस सुरू होतो.’ किंवा, ‘हे ऊन जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपते.’ माहिती जवळपास एकच आहे. पहिले वाक्य नव्या गोष्टीपासून सुरू होते, त्यामुळे जून, कोकण आणि पाऊस यांचा आमसुलाशी संबंध काय हे वाचकाला वाक्य संपेपर्यंत हातात धरून बसावे लागते. दुसरे वाक्य त्याने आत्ताच वाचलेले ऊन उचलते आणि मग नवे काही सांगते. आधीचे पुढे आणि नवे मागे, हा त्यातला नियम. प्रागमधल्या भाषाभ्यासकांनी विसाव्या शतकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्यापैकी फ्रांटिशेक दानेश यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले की एका वाक्याने सांगितलेली नवी गोष्ट पुढच्या वाक्याचा विषय होऊ शकते, किंवा अनेक वाक्ये एकच विषय धरून चालू शकतात. त्यांचे म्हणणे वाक्यांबद्दल होते. परिच्छेदांनाही ते चांगले लागू पडते, असे मला वाटते.

मराठीला यात एक सोय आहे. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि बाकीच्या शब्दांची जागा विभक्तीच्या जोरावर हलवता येते. ‘वाळवलेली साले व्यापारी विकत घेतात’ आणि ‘व्यापारी वाळवलेली साले विकत घेतात’ ही दोन्ही वाक्ये शुद्धच आहेत. आधीचा परिच्छेद सालांवर संपला असेल तर पहिले घ्यावे, व्यापाऱ्यांवर संपला असेल तर दुसरे. एवढ्या बदलासाठी एकही नवा शब्द लागत नाही.

तिसरा सांधा या लेखातला सर्वांत अवघड, पावसावरून नर-मादी झाडांकडे नेणारा. पावसाचा परिच्छेद ‘उशिरा पिकणाऱ्या झाडांची फळे अशी भिजून वाया जातात’ इथे थांबला. वाचकाचा प्रश्न उघड आहे, तो लिहूनच टाकावा: ‘मग लवकर पिकणारीच झाडे का लावत नाहीत?’ आणि उत्तर: ‘बी पेरून आलेले झाड कधी पिकेल हे सांगता येत नाही, आणि ते नर आहे की मादी हेसुद्धा फुलोरा येईपर्यंत कळत नाही.’ इथून कलमांचा विषय सरळ येतो, आणि पावसाआधी काढणीला येणाऱ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘कोकण अमृता’ जातीचाही. आधी नुसती वनस्पतिशास्त्राची नोंद वाटणारी गोष्ट आता शेतकऱ्याची अडचण म्हणून वाचली जाते. मात्र प्रश्नाचा हा सांधा एका लेखात एकदाच, फार तर दोनदा वापरावा. प्रत्येक परिच्छेद प्रश्नाने उघडू लागला की वाचकाला परीक्षेला बसवल्यासारखे वाटते.

बियांच्या परिच्छेदाला विरोधाचा सांधा बसतो: ‘बियांना मात्र एवढी घाई नसते.’ त्या एकदा वाळवून ठेवल्या की तेल सवडीने काढता येते. हे भिरंडेल थंड झाले की गोठून घट्ट होते आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. ‘मात्र’ची जागा इथे महत्त्वाची आहे. ज्या शब्दाचा आधीच्या मजकुराशी विरोध दाखवायचा, त्याच्या लगेच मागे तो यावा. ‘मात्र, बियांना एवढी घाई नसते’ असे लिहिले तर विरोध सगळ्या वाक्यावर पसरतो आणि बियांवरचा जोर जातो.

एक सांधा दिसायला पक्का असतो आणि ऐन वेळी निसटतो. तो म्हणजे ‘यामुळे’. कलमांचा परिच्छेद संपतो आणि पुढचा ‘यामुळे शेतकऱ्यांचा फायदा होतो’ असा सुरू होतो. कशामुळे? कलमांमुळे, लवकर पिकण्यामुळे, की नर झाडे टाळता आल्यामुळे? आधीच्या परिच्छेदात तिन्ही आहेत. ‘या’च्या पुढे एक नाम ठेवले की गोंधळ मिटतो: ‘ही खात्री असल्यामुळे’, किंवा ‘या लवकर येणाऱ्या पिकामुळे’. ते नाम शोधताना लेखक अडखळला, तर आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे त्याचेच अजून ठरलेले नाही असे समजावे.

सगळे जुळवून झाले की दोन तपासण्या कराव्यात. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त शेवटचे वाक्य आणि पुढच्याचे पहिले वाक्य, अशा जोड्या मोठ्याने वाचाव्यात. त्यानंतर परिच्छेदाच्या तोंडाशी घातलेला प्रत्येक जोडशब्द खोडून पाहावा. शब्द गेला तरी नाते तसेच कळत असेल तर तो नकोच होता, आणि ‘शिवाय’, ‘तसेच’ यांतले बहुतेक इथेच गळतात. ‘पण’ खोडल्यावर अर्थ उलटत असेल तर तो राहू द्यावा. आणि ‘असो’ने सुरू होणारा परिच्छेद सापडला, तर त्याच्या आधीचा परिच्छेदच भरकटला असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक उडी वाईट नसते. काळ बदलला, ठिकाण बदलले, लेखाचा दुसरा भाग सुरू झाला, तर सांध्यासाठी एक वाक्य खर्चण्यापेक्षा एक ओळ मोकळी सोडणे किंवा उपशीर्षक देणे प्रामाणिक ठरते. कुठेच न बसणाऱ्या परिच्छेदासाठी मासिकांकडे पूर्वीपासून चौकट आहे. आपल्या लेखात सोलकढीची कृती असती, तर ती ऊन-पावसाच्या या ओघात कशीही घातली तरी खटकली असती. ती चौकटीत गेली की लेख अडत नाही, आणि सोलकढी हवी असलेल्याला ती वेगळी सापडते.