मावशी, ताट वेगळं करू नका

क्षयरुग्णाच्या घरच्यांना पत्र लिहायची सवय मला धाराशिव जिल्ह्यात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हापासूनची. ओपीडीत सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं गळून जातं, आणि ज्यांना सांगायचं ती माणसं बहुधा ओपीडीत नसतातच. रुग्णाबरोबर येतो भाऊ नाहीतर चुलता. रात्री कोण कुठे झोपणार, दार लावायचं की उघडं ठेवायचं, हे ठरवते आई नाहीतर बायको. म्हणून कागद. घरातलं सहावी-सातवीतलं पोर तो मोठ्याने वाचतं, तेव्हा मीही तो कानाला समजेल असाच लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो, कारण ती कुठेही वाचायला मिळते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून आहे. आता त्याचं नाव राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम, गोळ्या फुकट, आणि पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात. आता पत्राकडे.

घर कळंब तालुक्यातलं; ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत. रुग्ण पस्तिशीचा, वजन ४३ किलो, दीड महिन्याचा खोकला, बेडक्यात जंतू भरपूर. घरात आई, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पत्र आईच्या नावे:

‘मावशी, नमस्कार. तुमच्या मुलाला फुफ्फुसाचा टीबी आहे. औषध सुरू केलं आहे, रोग बरा होणारा आहे. त्याचं ताट, वाटी, तांब्या वेगळा करू नका. नेहमीसारखं घासलं की झालं. त्याच्या कपड्यांना, अंथरुणाला भिऊ नका. भ्यायचं ते बंद खोलीतल्या हवेला. त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. त्याची बाज ओसरीवर टाका. पाऊस-थंडी असेल तर बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, आणि खिडकी उघडी. नात रात्री त्याच्याजवळ झोपणार नाही, एवढं सध्या कडक पाळा. खोकताना त्याने उपरणं तोंडावर धरावं, घरात लोकांत बसला तर मास्क लावावा. मास्क त्याला, तुम्हाला नव्हे. बेडका झाकणाच्या डब्यात, रोज जाळायचा नाहीतर खोल पुरायचा. सुनेला आणि नातीला घेऊन या आठवड्यात या; तुम्हीही या, तुमचीही छाती तपासायची आहे.’

यातलं ताटाचं वाक्य लोकांना पटत नाही आणि शेवटचं लोक विसरतात. ताट वेगळं करणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. त्याने घराला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि रुग्णाला वाळीत टाकल्याचं दुःख. जंतूला मात्र काही फरक पडत नाही. हा जंतू फुफ्फुसाच्या पार तळाशी पोचला तरच रुजतो, आणि तिथे न्यायला फक्त श्वास लागतो. रुग्ण खोकला की थुंकीचे बारीक तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात, ते निरुपद्रवी. बारीक थेंबातलं पाणी क्षणात उडून जातं आणि उरतो एक-दोन जंतू असलेला कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या चार-पाचपट. तो खाली बसत नाही, खोलीतल्या हवेत तासन्‌तास तरंगतो. ताटाला चिकटलेला जंतू पुन्हा असा तरंगत नाही, म्हणून ताट निर्दोष.

हे कुणी सिद्ध केलं ती गोष्ट माझ्या फार आवडीची आहे, तेव्हा जरा बाल्टिमोरला जाऊन येऊ. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खाटांच्या क्षयवॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावर नेली. तिथे पिंजऱ्यात गिनीपिग ठेवलेले होते. हा प्राणी क्षयाला इतका हळवा, की त्याला लागण झाली की समजावं, हवेत जंतू होते. रुग्णाचा आणि त्यांचा कसलाच स्पर्श नाही. ताट नाही, कपडा नाही, फक्त हवा. तरी प्राण्यांना लागण झाली. हवेचा दुसरा प्रवाह अतिनील दिव्याखालून नेला, त्या पिंजऱ्यातले प्राणी वाचले. आणखी एक गोष्ट दिसली, ती आमच्या कामाची: सगळे रुग्ण सारखे संसर्गजन्य नव्हते. थोडेच रुग्ण बहुतेक लागण करत होते, आणि योग्य औषधं चालू असलेल्यांपासून लागण फारच कमी होती.

म्हणजे प्रश्न उरतो तो हवा बदलण्याचा. इथे आमच्या भागातलं घर समजून घ्यावं लागतं. जुनं माळवदाचं घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून त्यावर मातीचा थर, आणि उजेडासाठी वर एक साणं. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा सिमेंटच्या घरात नाही, हे मी मान्य करतो. पण आतल्या खोलीला खिडकी नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात याच जड छपरांखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये खिडक्या आल्या. बाकी गावांत माळवदं अजून उभी आहेत, आणि रुग्णाला आतल्या खोलीत ठेवायची सवयही. मुलाला हवा लागू नये, लोकांना दिसू नये, म्हणून आई त्याला नेमकी तीच खोली देते. जेवण मात्र दारातून वेगळ्या ताटात सरकवलं जातं. सगळी काळजी पाळली जाते, फक्त उलटी.

एक हिशेब मी वारंवार सांगतो. खोलीत नवे जंतू यायचे थांबले असं धरलं, आणि तासाला दोनदा हवा बदलत असेल, तर हवेतले शंभरातले नव्याण्णव कण जायला दोन तास अठरा मिनिटं लागतात. तासाला सहादा बदलली तर ४६ मिनिटं, बारा वेळा बदलली तर २३. दारं बंद असलेल्या खोलीत तासाला एकदाही धड बदलत नाही. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं, तेव्हा खिडक्या-दारं सताड उघडी ठेवल्यावर तासाला सरासरी २८ वेळा हवा बदलत होती. जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांचा निकाल सगळ्यांत चांगला होता.

घरात मोजायला उदबत्ती पुरते. मी रुग्णाच्या घरी गेलो की बाजेच्या उशाशी उदबत्ती धरायला लावतो. धूर खिडकीकडे वाकून बाहेर गेला तर जागा बरोबर. धूर सरळ वर जाऊन छताखाली साचला तर हवा अडली आहे. धूर स्वयंपाकघराकडे, आई बसते तिकडे गेला तर बाज तिथून हलवायची. कळंबच्या त्या घरात पहिल्या खोलीत दार एकीकडे, खिडकी समोरच्या भिंतीत, आणि खिडकीवर पोतं लावलेलं. पोतं काढलं तसा धूर सरळ बाहेर गेला. टेबलफॅन असेल तर तो घरच्यांच्या बाजूने लावावा, वारा रुग्णावरून खिडकीबाहेर जाईल असा. खिडकीकडून लावला तर तोच वारा जंतू घरात आणतो. छताचा पंखा हवा फिरवतो, बाहेर घालवत नाही. खिडकी बंद असेल तर त्याचा भरवसा धरू नये. पावसाळ्यात, आणि थंडीत पहाटे, खिडकी फटीएवढी तरी उघडी हवी, रुग्णाला दोन गोधड्या द्याव्यात. उन्हात जंतू लवकर मरतो, सावलीत अंधारात टिकतो, तेव्हा दिवसा त्याने अंगणातल्या लिंबाखाली बसावं. दिवाळीला येणारे पाहुणे तिथेच बसवावेत.

हे किती दिवस पाळायचं, हे विचारायला सगळे येतात. जंतू औषधाला दाद देणारा असेल तर पहिले दोन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतर संसर्ग झपाट्याने घटतो. पण नातीला वडिलांजवळ झोपू द्यायचं का, हे मी थुंकीच्या पुन्हा तपासणीपर्यंत लांबवतो. दोन आठवड्यांची खात्री एका अटीवर आहे: सुरुवातीलाच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून रिफाम्पिसिन लागू पडतंय हे कळलेलं असावं. जंतूने त्याला दाद दिली नाही तर गोळ्या चालू असूनही हवा तितकीच घातक राहते, आणि औषधच बदलावं लागतं.

औषध वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला चार औषधांच्या संयुक्त गोळ्या रोज तीन, पहिले दोन महिने. पुढे चार महिने तीन औषधांच्या. लघवी नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं कारण नाही. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, तर मात्र तेव्हाच या. कळंबच्या त्या घरात आईने लघवी पाहून दोन दिवस गोळ्या थांबवल्या होत्या. त्यानंतर ती ओळ मी कागदात सर्वांत वर घालू लागलो.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य, मुलीचं. माणूस निदान होण्यापूर्वी दीड महिना घरात खोकत होता. म्हणजे घराने जेवढं घ्यायचं तेवढं बहुतेक आधीच घेतलं आहे. खिडकी पुढचं थांबवते, मागचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार पटकन आणि जास्त अवघड रूपात होतो, बीसीजी टोचलेली असली तरी. म्हणून मुलीला ताप, खोकला, वजन न वाढणं काही नाही ना, हे बघून आजार नाही याची खात्री केली, आणि तिला प्रतिबंधक आयसोनियाझिड रोज, सहा महिने सुरू केलं. आई आणि बायकोचीही तपासणी झाली. पोरगी धडधाकट खेळते मग औषध कशाला, हा वाद त्या घरात झालाच. माझं मत इथे ठाम आहे: मुलीची प्रतिबंधक गोळी ताटापेक्षा कितीतरी मोठी खबरदारी आहे.

रुग्णाला घरी ठेवायचंच कशाला, असंही कुणी विचारतं. त्याचं उत्तर मद्रासला मिळालेलं आहे. १९५६ साली तिथे आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून प्रयोग सुरू केला. दाटीच्या, गरीब वस्तीतल्या रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींवर घरीच उपचार केले. घरीही रुग्ण जवळपास तसेच बरे झाले. आणि नातेवाइकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा घरी उपचार घेतलेल्यांच्या घरात जास्त क्षय झाला नाही. कारण वर आलंच आहे: जी लागण व्हायची ती उपचारांआधी झालेली असते.

कळंब, वाशी, भूम इथले अनेक जण दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीत हवा खेळती असते, पण बैलगाडीवरच्या प्रवासात आणि फडात गोळ्या चुकतात. त्यांच्या पत्रात मी एक ओळ वाढवतो: निक्षयचा नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवा, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की गोळ्या तिथे मिळतात, आणि निघण्याआधी पुरवठा किती उरला आहे हे आशाताईंना सांगा.