पाटी बायकोच्या नावाची, फोन नंबर साहेबांचा

तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रासमोर उभा होतो. दुकान नवं होतं. पाटीवर प्रोप्रायटर म्हणून बाईंचं नाव, खाली मोबाईल नंबर आणि काउंटरवर पैसे भरण्याचा क्यूआर कोड. सोबतच्या शेतकऱ्याने बियाण्याच्या पिशवीचे पैसे भरले तेव्हा त्याच्या फोनवर नाव उमटलं ते बाईंचं नव्हे, त्यांच्या नवऱ्याचं. नवरा त्याच भागात कृषी सहायक. शेतकऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, कारण माझी बरीच वर्षं आस्थापना शाखेत गेली आणि अशा क्यूआर कोडपासून सुरू झालेल्या नस्त्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत.

सरकारी नोकराच्या जोडधंद्याचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो. ‘बायकोच्या नावावर करा.’ हा सल्ला पूर्ण चुकीचा नाही आणि घोटाळा त्याच्या याच अर्धवट खरेपणात आहे. म्हणून त्या दुकानासारखीच एक गोष्ट शेवटापर्यंत तपासून पाहू. समजा, एका कृषी सहायकाच्या पत्नीला खतं, बियाणं आणि कीटकनाशकांचं दुकान टाकायचं आहे. (या पदाचं नाव आता सहायक कृषी अधिकारी झालं आहे, पण गावात अजून जुनंच नाव चालतं.) दुकानाला लागणाऱ्या सहा लाखांतले चार लाख नवरा देणार, दोन लाख तिचे स्वतःचे.

सगळ्यात आधी आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते पाहायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. केंद्राच्या कर्मचाऱ्याला १९६४ चे केंद्रीय वर्तणूक नियम, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला जिल्हा सेवांचे १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम. कृषी सहायक राज्य शासनाचा, ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. दोघे एकाच गावात फिरतात, एकाच पंचनाम्यावर सह्या करतात, पण अर्ज कोणाकडे करायचा आणि मंजुरी कोण देणार हे दोघांसाठी निराळं. त्यामुळे मित्राने कशी परवानगी घेतली हे विचारण्याआधी मित्र कोणत्या आस्थापनेवर आहे ते विचारावं.

आपला कृषी सहायक राज्याचा, म्हणजे त्याच्यासाठी १९७९ च्या नियमांतला नियम १६. केंद्रात याच विषयाचा नियम १५ आहे आणि गाभा बहुतांशी तोच. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कोणताही व्यापार-धंदा करायचा नाही, दुसरी नोकरी धरायची नाही. सूट आहे ती मानसेवी स्वरूपाच्या सामाजिक किंवा धर्मादाय कामाला, आणि साहित्य, कला, विज्ञान यांतल्या प्रासंगिक कामाला. तीही कार्यालयीन काम न बिघडवता. दिवाळी अंकात कथा लिहिली तर कोणी नोटीस काढत नाही. दर शनिवारी पैसे घेऊन क्लास घेतला तर तो प्रासंगिक उरत नाही. शिक्षकाच्या बाबतीत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नेच खाजगी शिकवणीला बंदी घातली आहे.

कुटुंबातल्या माणसाच्या धंद्याबद्दल नियम वेगळा बोलतो आणि लोकांची गल्लत होते ती इथेच. पत्नीने धंदा करायला नवऱ्याच्या खात्याची मंजुरी लागत नाही. ती स्वतंत्र नागरिक आहे. पण ती धंदा करत असेल, किंवा विम्याची अथवा कमिशनची एजन्सी चालवत असेल, तर ते शासनाला कळवणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे. स्वतःच्या धंद्यासाठी मंजुरी आधी घ्यायची, कुटुंबाच्या धंद्याची माहिती द्यायची. मंजुरी मागितली आणि उत्तर आलं नाही तर काहीजण ‘हरकत नाही’ असं धरून चालतात. तसं धरू नये. आवक क्रमांकाची पोच म्हणजे अर्ज पोचल्याचा पुरावा, मंजुरीचा नाही. कळवण्याच्या पत्रासाठी मात्र तीच पोच सोन्यासारखी असते. आमच्याकडे चौकशीत तोंडी सांगितलं होतं असं म्हणणारे पुष्कळ येत, पोच दाखवणारे थोडे.

नियमाला जोडलेलं स्पष्टीकरण याहून महत्त्वाचं आहे. पत्नीच्या किंवा कुटुंबीयाच्या विमा एजन्सीसाठी, कमिशन एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने प्रचार केला, गिऱ्हाईक आणलं, की तो नियमाचा भंग समजला जातो. धंदा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथे संपतो आणि तो चालवण्यात तुमचा हात किती, हा सुरू होतो. पाटीवरचा नंबर कोणाचा? क्यूआर कोडचे पैसे पगाराच्या खात्यात येतात का? शेतकऱ्यांना हवामानाचे निरोप देण्यासाठी काढलेल्या व्हॉट्सअॅप गटावर दुकानात आलेल्या वाणांचे फोटो कोण टाकतो? कंपनीच्या विक्री प्रतिनिधीशी सवलतीचं बोलणं कोण करतं? चौकशी अधिकारी विचारतो ते हेच, आणि याची उत्तरं जबाबातून नव्हे, कागदातून आणि फोनमधून मिळतात.

एक बारीक पण हमखास अडवणारी गोष्ट परवान्याची. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शैक्षणिक पात्रता लागते, कृषी पदवी किंवा पदविका यांसारखी. घरात ती असते नवऱ्याकडे. त्याचं प्रमाणपत्र जोडायचा मोह होतो. जोडलं, तर तो त्या दुकानाचा तांत्रिक माणूस झाला, म्हणजे दुसरी नोकरी, आणि तीही स्वतःच्या हाताने परवाना देणाऱ्या कार्यालयात नोंदवलेली. पत्नीकडे पात्रता असावी किंवा पात्र माणूस पगारावर ठेवावा. तिसरा मार्ग नाही.

आता समजा, हे सगळं नीट केलं. दुकान खरोखर पत्नी चालवते, कळवल्याची पोच आहे, खातं वेगळं, नंबर वेगळा. तरी एक अडचण उरतेच आणि नियम १६ ची सगळी कलमं पाळूनही ती सुटत नाही. ती आहे हितसंबंधांची.

कृषी सहायकाचं काम आठवून पाहा. कोणतं वाण पेरावं, कोणती फवारणी घ्यावी हे तो सांगतो. गारपीट झाली की तलाठी आणि ग्रामसेवकासोबत पंचनामा करतो. शेतकऱ्याने महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज केला, संच घेतला, बिल चढवलं, की जागेवर जाऊन मोका तपासणी करणारा तोच. आता ते बिल त्याच्या पत्नीच्या दुकानाचं असेल तर? संच चांगला असेल, मोजमाप बरोबर असेल, अहवालही खरा असेल. पण अनुदान निघावं असा अहवाल ज्याने लिहिला, त्याच्या घरात त्या विक्रीचा नफा आला. आणि शेजारच्या दुकानातून संच घेतलेल्या शेतकऱ्याच्या तपासणीला चार दिवस उशीर झाला, तर कारण पावसाचं असलं तरी गाव काय समजायचं ते समजेल. पंचनाम्याचंही तसंच. कोणी कोणाला सांगत नाही की साहेबांच्या दुकानातून घ्या. सांगावं लागतच नाही.

दुसरी बाजू कमी बोलली जाते. खतं-बियाण्यांचे नमुने काढणारे निरीक्षक याच खात्यातले, बरेचदा त्याचे वरिष्ठ. सहकाऱ्याच्या पत्नीच्या दुकानातून नमुना काढताना निरीक्षकाची पंचाईत होते. काढला तर वैर, न काढला तर पक्षपात. आपल्या जोडधंद्याने आपण दुसऱ्याच्या सहीवरही ओझं टाकतो हे अर्ज करताना कोणाच्या लक्षात येत नाही.

नियमांतली ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या इथे अपुरी पडते. तिच्यात पती-पत्नी येतात, अवलंबून असलेली मुलं येतात, रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्यातली पूर्णपणे अवलंबून असलेली माणसं येतात. वेगळा राहणारा कमावता भाऊ येत नाही. म्हणून दुकान भावाच्या नावावर टाकलं तर कुटुंबाचा धंदा म्हणून कळवण्याचं कलम कदाचित लागणार नाही, पण मोका तपासणीचा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

पैशाचा मागही सांगायला हवा, कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. नवऱ्याने चार लाख पत्नीला भेट दिले आणि तिने ते धंद्यात घातले, तर प्राप्तिकराच्या नियमाने नफ्याचा तेवढा वाटा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. हिशेब आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी असलेल्या भांडवलावर होतो. १ एप्रिलला दुकानात सहा लाख आहेत, त्यांतले चार नवऱ्याने दिलेले आणि वर्षाचा नफा तीन लाख, तर दोन लाखांवरचा कर नवऱ्याच्या विवरणपत्रात. म्हणजे ‘धंद्याशी माझा संबंध नाही’ असं खात्याला लिहून देणाऱ्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात त्याच धंद्याचं उत्पन्न दिसतं. न दाखवावं तर करचुकवेगिरी. शिवाय मत्ता व दायित्वाच्या विवरणपत्रात ते चार लाख कुठे गेले, हे जुळावं लागतं. तक्रार बहुधा शेजारचा दुकानदार करतो, आणि चौकशीत हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवले की पुढचं लिहायला फार वेळ लागत नाही.

आणि हे फक्त खात्यापुरतं नाही. धंदा न करण्यास कायद्याने बांधलेल्या लोकसेवकाने धंदा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ खाली गुन्हाही आहे. एक वर्षापर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. मी स्वतः पाहिलेली प्रकरणं विभागीय चौकशीवरच थांबली. वेतनवाढ रोखली गेली आणि पदोन्नतीची वेळ आली तेव्हा चौकशी चालू असल्याने नाव मागे राहिलं. माणसाला जास्त लागतं ते हे दुसरं.

मग त्या कृषी सहायकाने काय करावं? मला विचारलं असतं तर मी कृषी सेवा केंद्राचा विचार सोडा म्हणालो असतो. पत्नीला धंदाच करायचा तर पिठाची गिरणी आहे, कापडाचं दुकान आहे, स्टेशनरी आहे. तेही कळवायचंच, पण त्याच्या सहीवर त्या मालाचा खप ठरत नाही. कृषी केंद्रच हवं असेल, तर ते त्याच्या कार्यक्षेत्राबाहेर, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात असावं. कळवण्याच्या पत्रात नुसतं ‘माझी पत्नी व्यवसाय सुरू करीत आहे’ एवढ्यावर थांबू नये. मालक कोण, दुकान कुठे, माल कोणता, भांडवल कोणाचं किती, हे लिहावं. त्याखाली एक परिच्छेद असा: ‘माझ्याकडे या या गावांची मोका तपासणी आणि पंचनाम्याचं काम आहे. सदर दुकानातून खरेदी केलेल्या लाभार्थ्यांची तपासणी अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावी, ही विनंती.’ हा परिच्छेद लिहायला लोक कचरतात. आपणच आपलं दुखणं का दाखवायचं, असं वाटतं. माझ्या टेबलावर आलेल्या पत्रांत तो असलेलं पत्र मला एकदाच दिसलं. साहेबांनी त्यावर चार ओळींचा आदेश काढून तपासणी शेजारच्या सहायकाकडे दिली. दोन वर्षांनी तक्रार आली तेव्हा ते पत्र आणि तो आदेश जोडून नस्ती तीन दिवसांत बंद झाली.