हितसंबंधीयांच्या यादीचं पुढे काय करायचं?

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एथिक्सच्या पेपरसाठी एक ठरलेला साचा फिरतो. चांगले गुण मिळवलेल्या एखाद्याच्या उत्तरांची झेरॉक्स मिळवायची आणि तशीच मांडणी गिरवायची. मध्ये गोल, त्याभोवती बाण, बाणांच्या टोकाला ‘स्टेकहोल्डर’. खाली ‘डिलेमा’, म्हणजे ‘कर्तव्य विरुद्ध करुणा’ यासारख्या दोन-तीन जोड्या. मग पर्यायांचा तक्ता, फायदे-तोटे, आणि शेवटी ‘मी काय करीन’. मांडणी चांगली आहे. पण ती गिरवणाऱ्या बहुतेकांचं उत्तर मात्र कोरडंच राहतं. असं का होतं, ते एका प्रकरणावरून पाहू.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा पेपर 2013 पासून आहे. 250 गुण, तीन तास. त्यातले 120 गुण सहा केस स्टडींना, प्रत्येकी 20. एका उत्तराला शब्दमर्यादा साधारण 250 आणि हाती जेमतेम पंधरा मिनिटं. एमपीएससीची राज्यसेवा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे तिथेही आता हाच पेपर आला आहे.

नमुना म्हणून हाती येणाऱ्या प्रतींबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका उमेदवाराला दाखवत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यासाठी आयोगावर सक्ती करायला नकार दिला. म्हणजे ‘टॉपरची कॉपी’ म्हणून जे फिरतं ते बहुतेक वेळा क्लासच्या सराव परीक्षेतलं उत्तर असतं आणि त्यावरचे गुण क्लासच्या शिक्षकांनी दिलेले असतात. त्यातून मांडणी शिकता येते, पण आयोगाच्या परीक्षकाने नेमके कशाला गुण दिले ते त्यातून कळत नाही.

आता प्रकरण. तुम्ही एका नगरपरिषदेचे मुख्याधिकारी आहात. जूनचा पहिला आठवडा आहे. गावात एक जुनी तीन मजली इमारत, तिच्यात चौदा भाडेकरू कुटुंबं, तळमजल्यावर दोन दुकानं. मालकाने आणलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटने इमारत ‘सी-1’ ठरवली आहे, म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. भाडेकरू म्हणतात, अहवाल विकत घेतलेला आहे, मालकाला जागा मोकळी हवी आहे. स्थानिक पुढारी म्हणतात, दिवाळीपर्यंत थांबा. पर्यायी जागा म्हणून नगरपरिषदेची शाळा तेवढी आहे आणि ती पंधरा जूनला सुरू होते. प्रश्न: तुमच्यापुढचे पर्याय कोणते, आणि तुम्ही काय कराल?

साच्यातलं उत्तर यादी अशी करतं: मालक, भाडेकरू, पुढारी, नगरपरिषद, समाज. चूक काहीच नाही, पण पुढच्या पानावर या यादीचा काही उपयोगही नाही. नावापुढे त्या माणसाला नेमकी कशाची भीती आहे हे एका ओळीत लिहिलं की यादी कामाला लागते. भाडेकरूला बाहेर पडायची भीती नाही. आज बाहेर पडलो तर उद्या भाडेकरू म्हणून हक्क उरणार नाही, ही त्याची भीती आहे. दुकानदाराला पुढच्या महिन्याचा गल्ला बुडेल याची धास्ती. शेजारच्या इमारतीतले आणि खालच्या रस्त्याने जाणारे लोक बहुतेक उत्तरांत सुटतात. भिंत पडली तर ती त्यांच्याही अंगावर पडणार आहे. शाळेत कुटुंबं हलवली तर शाळेची मुलंही यादीत येतात. आणि ‘समाज’ हा शब्द खुशाल खोडून टाका, उत्तरातलं एक वाक्यही बदलणार नाही. हीच यादीची कसोटी: नाव खोडल्यावर निर्णयात काहीच बदल होत नसेल तर ते नाव शोभेचं होतं.

पेचाचं तसंच आहे. अमेरिकी लेखक रशवर्थ किडर यांनी 1995 च्या एका पुस्तकात एक उपयोगी भेद केला. दोन बाजूंना खरोखर काही तरी योग्य असेल तर तो पेच. एका बाजूला योग्य आणि दुसऱ्या बाजूला फक्त फायदा असेल तर तो मोह. मालक पाकीट घेऊन आला तर त्यात पेच कसला? तिथे एका ओळीत नकार आणि वरिष्ठांना लेखी कळवणं पुरतं. तरी ‘प्रामाणिकपणा विरुद्ध लाच’ अशी जोडी डिलेमाखाली लिहिलेली सर्रास दिसते. खरा पेच इथे असा मांडता येईल: अहवाल खरा असेल आणि मी थांबलो, तर माणसं मरतील, अहवाल खोटा असेल आणि मी थांबलो नाही, तर नगरपरिषदेच्या हातून मालकाचं काम फुकटात होईल. पेच एवढा नेमका लिहिला की पुढची वाटही दिसू लागते.

कारण दोन चुका सारख्या नाहीत. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. ती चूक परत फिरवता येत नाही. चुकून बाहेर काढलेलं कुटुंब मात्र, त्याचा हक्क कागदावर शाबूत असेल तर, परत आणता येतं.

पर्याय लिहिताना साचा सगळ्यात जास्त दगा देतो. पहिला पर्याय ‘दुर्लक्ष करणे’, दुसरा ‘आजच बुलडोझर’ आणि तिसरा आपला शहाणा मध्यममार्ग. पहिले दोन पाडण्यासाठीच उभे केलेत हे परीक्षकाला लगेच दिसतं. समंजस अधिकारी ज्यांचा खरोखर विचार करील असेच पर्याय हवेत. दिवाळीपर्यंत टेकू लावून थांबणं. यात विस्थापन टळतं, पण ‘सी-1’ इमारतीत माणसं ठेवून पावसाळा काढायचा धोका पत्करावा लागतो. दुसऱ्या ऑडिटपर्यंत थांबणं. यात न्याय आहे, पण तोवरच्या पावसाची जबाबदारी आपली. तातडीने रिकामी करून पाडणं. कायद्याला धरून आहे, पण अहवालावरचा आक्षेप कायमचा गाडला जातो.

भाडेकरूची खरी भीती यादीत लिहिली असेल तर चौथा पर्याय सुचतो: रिकामी करणं आणि पाडणं या दोन गोष्टी वेगळ्या करणं. नगरपरिषद अधिनियमाखाली नोटीस देऊन इमारत आता रिकामी करायची. त्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातली जागा मोजून क्षेत्रफळाचा दाखला हातात द्यायचा. धोकादायक इमारतींबाबत महाराष्ट्रात ही पद्धत आहेच. दुसरं ऑडिट शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घ्यायचं आणि ते येईपर्यंत पाडकाम थांबवायचं. शाळेचे दोन वर्ग ठरावीक मुदतीपुरते घ्यायचे, मुख्याध्यापकांशी बोलून. रस्ता बॅरिकेडने अडवायचा. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्याच्यासाठी रुग्णवाहिका आधी. आणि दोन्ही अहवाल जुळले नाहीत तर काय, तेही एका वाक्यात सांगायचं.

या पर्यायालाही किंमत आहे आणि ती लिहायला हवी. मुलांचे दोन वर्ग जातील, दुकानदारांचं नुकसान भरून निघेलच असं नाही, पुढारी नाराज होतील. तोट्याचा रकाना रिकामा असलेला निर्णय परीक्षकाला खरा वाटत नाही.

एक शेवटची सूचना, गुणांच्या हिशेबाने. प्रश्नाच्या शेवटी काय विचारलं आहे ते दोनदा वाचा. या प्रकरणात हितसंबंधीयांची यादी मागितलेलीच नाही, पर्याय आणि कृती मागितली आहे. तेव्हा यादी कच्च्या पानावर करा आणि उत्तरपत्रिकेत तिला चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. 250 शब्दांतले किमान दीडशे ‘मी काय करीन’ला ठेवा.